बारा मे १८९६चा मंगळवार

१८ जुलै २०२५, शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. बेरीज एकशे एकसष्ट. हजर माणसे तीन: मी, माझी पत्नी आणि माझे चुलते, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात. मुलगी कॉलेजच्या कामासाठी नंदुरबारला गेलेली होती आणि अजून यायची होती.

एकशे एकसष्टला सातने भागले. सात त्रिक एकवीस, म्हणजे तेवीस आठवडे, बाकी शून्य. मी पेन्सिल खाली ठेवली.

हे कसे झाले ते आधी सांगतो. मुलीला नर्सिंगच्या पदवीला जागा मिळाली होती. आमच्या प्रवर्गातून मिळाली, त्यामुळे जात पडताळणीचा अर्ज दाखल करून त्याची पोच मंगळवारपर्यंत कॉलेजात द्यायची होती. पोच नाही तर जागा नाही. अर्जाला जातीचा जुना पुरावा लागतो. माझे आजोबा शाळेत गेले नाहीत. वडिलांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'हिंदू' लिहिले आहे. आमच्याकडे जातीचा उल्लेख असलेला जुना कागद एकच, माझ्या पणजोबांनी नदीकाठचा तुकडा विकत घेतला त्याचे खरेदीखत. ते मोडी लिपीत आहे. आमच्या घरात ते कोणालाच वाचता येत नव्हते. पत्र्याच्या पेटीत, कापडात गुंडाळून ते राहिले आणि आम्ही त्याला नुसता 'मोठा कागद' म्हणत आलो.

या वेळी मी ते मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडे धुळ्याला दिले. त्यांनी देवनागरीत उतरवलेली प्रत सही-शिक्क्यासह शुक्रवारी आली. पणजोबांचे नाव होते, गाव होते, जात स्पष्ट होती. पत्नीने देवापुढे साखर ठेवली. मी दुसऱ्यांदा वाचायला घेतले आणि पहिल्या ओळीवर थांबलो. 'तारीख १२ माहे मे सन १८९६ इसवी, वार मंगळवार.'

मी एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे. सत्तावीस वर्षे जन्मतारखा आकड्यात आणि अक्षरात लिहितो आहे. तारखेवरून वार काढायची मला सवय आहे, आणि गावात ते माहीत आहे. कोणाच्या घरी मूल झाले, कोणाचे लग्न कोणत्या वारी लागले होते, कोणी गेले तो वार कोणता, असे विचारायला लोक माझ्याकडे येतात. रीत सोपी आहे. तीनशे पासष्ट दिवस म्हणजे बावन्न आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून एक वर्ष मागे गेले की तीच तारीख एक वार मागे जाते. मधे जितक्या एकोणतीस फेब्रुवारी आल्या, तितके वार आणखी मागे. वर्षे अधिक लीप वर्षे, भागिले सात, आणि बाकीइतके वार मागे यायचे. आजवर मी एकदाही चुकलो नव्हतो.

तेव्हा सवयीनेच मोजले. भिंतीवरच्या कॅलेंडरात १२ मे २०२५ सोमवारी होता. १८९६ पासून २०२५ पर्यंत एकशे एकोणतीस वर्षे. १८९६ची एकोणतीस फेब्रुवारी बारा मेच्या आधी होऊन गेली, ती धरायची नाही. पहिली १९००ची, शेवटची २०२४ची. दर चार वर्षांनी एक, म्हणजे बत्तीस. एकशे एकोणतीस अधिक बत्तीस, एकशे एकसष्ट. बाकी शून्य. म्हणजे वार बदलायलाच नको. १२ मे १८९६ सोमवारी असायला हवा होता आणि कागद मंगळवार म्हणत होता.

बाकी शून्य आली की मी सहसा पुन्हा तपासत नाही. इतका स्वच्छ हिशेब चुकीचा असेल असे मनाला वाटत नाही. तरी त्या दिवशी तीन वेळा केला.

"काय झायं?" आबांनी विचारले. ते पंच्याऐंशीचे आहेत, पण माणसाचा चेहरा त्यांना लगेच कळतो.

"वार जुळत नाही," मी म्हणालो.

"मंग?"

"मग कागद त्या दिवशी लिहिलेला नाही. नंतर कोणीतरी बसून लिहिलाय, आणि वार चुकलाय."

पत्नीने साखरेची वाटी परत डब्यात ओतली. तिने ते केले हे मी पाहिले.

मी धुळ्याला फोन लावला. मोडीवाले गृहस्थ जरा रागावले. "मंगळवारच आहे. सोम आणि मंगळमध्ये गफलत होईल अशी ती अक्षरं नाहीत. मी चाळीस वर्षं मोडी वाचतोय, भाऊसाहेब."

म्हणजे वाचण्यात चूक नव्हती.

मग मी पेटीतले बाकीचे कागद काढले. वाटणीचा एक कागद होता, बाळबोध अक्षरातला, ९ मार्च १९११, गुरुवार. मोजला, बरोबर निघाला. सारा भरल्याच्या पावत्यांवर कुठे कुठे वार होते. सगळे बरोबर. या कागदांवर जात नव्हती, म्हणून त्यांचा उपयोग नव्हता. पण ते सगळे खरे निघाले आणि ज्याच्यावर मुलीची जागा उभी होती तोच एक खोटा. खोटा कागद मुद्दाम याच कामासाठी कोणी केला असेल, असेही डोक्यात आले. कोणी? आजोबांनी? हे मी तोंडाने बोलूनही गेलो. ज्या आजोबांनी रस्त्यात सापडलेली छत्री मालक शोधून परत केली होती, त्यांच्याबद्दल मी असा विचार करत बसलो होतो.

भीती नुसती जागा जाण्याची नव्हती. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र मलाच करायचे होते. जोडलेले कागद खरे आहेत, खोटे आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन, असे त्यात असते. शेजारच्या गावातल्या एकाची पडताळणी नोकरी लागल्यावर अनेक वर्षांनी रद्द झाली. घरी बसला तो. माझी मुलगी तिसऱ्या वर्षाला असताना, अंगावर पांढरा कोट असताना, कोणी तिला वर्गातून बोलावून घेतेय हे मला समोर दिसत होते.

"त्या लोकस्ले काय वार मोजाना धंदा शे का?" आबा म्हणाले. "तुन्हासारखा रिकामा माणूस नही तठे."

"असतात मोजणारे. पडताळणी समितीचं दक्षता पथक असतं. एकेक अक्षर बघतात."

"मंग वारवर पट्टी ठेव ना. झेरॉक्स काढतांना कागदनी बारीक पट्टी ठेवानी. वार ग्या, कागद ऱ्हायना."

"आबा, ते खोटं होईल."

"कागद खरा शे. मन्हा बाप खोटं बोलणारा माणूस नव्हता. खोटं तुन्हं मोजणं शे."

हे शेवटचे वाक्य मी तेव्हा कानाआड केले. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट समजलो.

मुलगी रात्रीच्या जेवणाला आली, तेव्हा मी कागद पेटीत टाकून झाकण लावले होते. "आलं का मोडीचं?" तिने विचारले. "आलं," एवढेच म्हणालो. तिने कॉलेजातल्या मुलींच्या गोष्टी सांगितल्या. होस्टेलला बादली कोणत्या रंगाची घ्यायची यावर आईशी वाद घातला. मी भाकरी मोडत राहिलो.

शनिवारी सकाळी शाळेत गेलो. कार्यालयातल्या संगणकावर हिशेबाचा तक्ता उघडला आणि एका रकान्यात १२-५-१८९६ टाकले. संगणकाने ती तारीख घेतलीच नाही. तारीख समजली की आकडे रकान्यात उजवीकडे सरकतात, ते डावीकडेच राहिले, एखाद्या नावासारखे. आमचा तक्ता १९००च्या मागे जात नाही, हे तेव्हा कळले. मग मी निदान माझी पहिली एकोणतीस फेब्रुवारी तपासावी म्हणून आधी खात्रीला २९-२-१९०१ टाकून पाहिले. ते डावीकडे राहिले, म्हणजे अशी तारीख नाही. बरोबर. मग २९-२-१९०० टाकले. ते उजवीकडे सरकले.

मी खुर्चीवर मागे टेकलो. आता दोघे जण एकच सांगत होतो, मी आणि संगणक. १९०० सालात एकोणतीस फेब्रुवारी होती, माझी बत्तीस लीप वर्षे बरोबर होती आणि पणजोबांचा कागद खोटा होता.

त्यानंतर मी जे केले ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. शहाद्याला गेलो. प्रतिज्ञापत्राचा मसुदा तहसील आवारातल्या टायपिस्टकडे आदल्या दिवशीच दिला होता, तो टाईप होऊन तयार होता. ते घेऊन बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानात एक बाई बसते. मी खिशातून दोन पट्ट्या काढल्या. घरूनच कापून नेल्या होत्या, वहीच्या समासाच्या, बोटाच्या पेराएवढ्या. एक मोठ्या कागदावर ठेवली, एक देवनागरी प्रतीवर, आणि कागद स्वतः काचेवर पालथे घातले.

प्रत बाहेर आली तशी ती बाई म्हणाली, "भाऊ, वरे पट्टी ऱ्हाई गयी शे. बारीक जागा कोरी उनी."

"राहू द्या," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. मग तीन प्रती काढून दिल्या. सत्तावीस वर्षांत जन्मतारखेवर खाडाखोड करून द्या म्हणून माझ्याकडे किती आईबाप आले, कोणी रडले, कोणी नोटा पुढे केल्या, आणि मी एकालाही दाद दिली नाही. आता माझ्याच पिशवीत तसा कागद होता. घरी येताना बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसलो. शेजारच्या माणसाने सहज तिच्याकडे पाहिले तरी दचकत होतो.

रविवारी सकाळी मला जमेना. नाश्ता केला नाही. मुलगी ओट्यावर बसून केस विंचरत होती. मी तिच्यासमोर खाट ओढून बसलो आणि म्हणालो, "बेटा, मला त्या प्रतिज्ञापत्रावर सही करता येणार नाही."

तिचा हात कंगव्यासकट तसाच राहिला. "का?"

"मोठा कागद खोटा आहे."

पत्नी आतून आली, आबा काठी टेकत आले. मी तिला सगळे सांगितले. वार, बेरीज, संगणक, आणि पट्टीसुद्धा. पट्टीचे सांगताना तिच्याकडे पाहिले नाही.

तिचे डोळे भरले होते, पण रडली नाही. मग म्हणाली, "मोजून दाखवा."

"तीन वेळा मोजलंय."

"माझ्यासमोर मोजा. जागा माझी जातेय ना?"

मी वही घेतली. "एकशे एकोणतीस वर्षं."

"बरोबर."

"आता लीप वर्षं. एकोणीसशे, एकोणीसशे चार, एकोणीसशे आठ..."

"थांबा," ती म्हणाली. "एकोणीसशे कसं?"

"चारने भाग जातो की. चारशे पंचाहत्तर चोक एकोणीसशे."

"आणि शंभरने?"

मी वहीत १९०० लिहिले.

"पप्पा, मी सहावीत होते. याच ओट्यावर तुम्ही मला पाठ करून घेतलं होतं. चारने भाग गेला तर लीप. पण शंभरने गेला तर नाही. पण चारशेने गेला तर पुन्हा हो. मी विसरले म्हणून दहा वेळा लिहायला लावलं होतं! एकोणीसशेला चारशेने भाग जातो का?"

चारशे चोक सोळाशे, चारशे पंचे दोन हजार. जात नाही.

नियम मला पाठ होता. अगदी तोंडपाठ. पण मी वार काढायला लागलो तेव्हापासून माझ्याकडे आलेली प्रत्येक तारीख १९०० नंतरची होती. मधे एकच शतकाचे वर्ष आले, २०००, आणि त्याला चारशेने भाग जातो, म्हणून तेही लीपच होते. नियमाचे शंभरवाले कलम मला एकदाही लागले नाही. हळूहळू ते माझ्या मोजण्यातून गळून गेले, आणि गळले हे मला कळलेही नाही. आमच्या घरात १९००च्या मागचा एकच कागद होता, तो मोडीत होता. माझी रीत चुकीची ठरेल अशी तारीख आयुष्यात पहिल्यांदाच समोर आली होती.

पण मी लगेच मानले नाही. भीती अशी एकदम जात नाही. "संगणकाने घेतली ना ती तारीख," मी म्हणालो.

"मग संगणक चुकलाय." (त्या तक्त्यात ही जुनी चूक आहे, हे मला नंतर कळले.) तिने मोबाईल काढला, बोटाने काहीतरी केले आणि पडदा माझ्यासमोर धरला. मे १८९६. बारा तारखेखाली मंगळवार.

"एक यंत्र हो म्हणतंय, दुसरं नाही म्हणतंय," मी म्हणालो. "मी कोणाचं ऐकू?"

"कोणाचंच नका ऐकू. भागाकार करा."

तिने वही माझ्याकडून घेतली आणि एकेक वर्ष न मोजता केले. आधी १ सालापासून २०२४ पर्यंतची सगळी, नुसता नियम लावून. चारने भागून पाचशे सहा. त्यातून शंभरने जाणारी वीस वजा, चारशेने जाणारी पाच परत मिळवायची. चारशे एक्याण्णव. मग १८९६ पर्यंतची तशीच. चारशे चौऱ्याहत्तर वजा अठरा अधिक चार, चारशे साठ. पहिल्यातून दुसरी वजा.

"एकतीस," ती म्हणाली.

बत्तीस नव्हेत. मी वही ओढून घेतली. एकशे एकोणतीस अधिक एकतीस, एकशे साठ. सात बावीस एकशे चौपन्न. बाकी सहा. सोमवारपासून सहा वार मागे: रवी, शनी, शुक्र, गुरू, बुध, मंगळ.

मंगळ.

मी ते पुन्हा मोठ्याने मोजले, बोटांवर, लहान मुलासारखे. प्रत्येक वेळी मंगळवारीच येऊन थांबलो.

"सांगेल व्हतं ना मी," आबा म्हणाले. "खोटं तुन्हं मोजणं शे. मन्हा बापनं नाव घी ऱ्हायना व्हता हाई!"

"आता पुरे, आबा," पत्नी म्हणाली. पण ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

मुलगी मात्र हसली नाही. "पट्टीच्या प्रती कुठे आहेत?"

मी पिशवीतून काढून दिल्या. तिने त्या चुलीत टाकल्या. कागद करपताना मला नवी भीती वाटली, आधीच्यापेक्षा वाईट. पणजोबांचा कागद एकशे एकोणतीस वर्षे खरा होता आणि मी दोन दिवसांत बोटाच्या पेराएवढ्या पट्टीने तो खोटा करून टाकला होता. ती कोरी जागा कोणाच्या नजरेस पडली असती तर वार झाकला म्हणजे बाकीचेही काहीतरी झाकले, असेच कोणीही म्हणाले असते.

हे नुसते मनाचे खेळ नव्हते, ते सोमवारी दिसले. मुलीला घेऊन पहाटेच्या बसने आधी शहाद्याला उतरलो, झेरॉक्सवाल्या बाईकडून पुन्हा प्रती काढल्या, या वेळी उघड्या. तिने एकेक प्रत उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाली, "आते कोरं नही." शनिवारी खिशात कोंबलेले प्रतिज्ञापत्र चुरगळले होते, म्हणून ते टायपिस्टकडून नव्याने टाईप करून घेतले आणि अधिकाऱ्यांसमोर सही केली.

तिथून नंदुरबारला. समितीच्या खिडकीवरच्या माणसाने मोठा कागद हातात घेतला, प्रत शेजारी ठेवली आणि मूळ कागदाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून तो ओळीने सरकत गेला, मूळ आणि प्रत, मूळ आणि प्रत. मोडी त्याला येत असेल-नसेल, आकार तो जुळवत होता. वाराच्या शब्दावर त्याचे बोट आले. मुलीने माझी बाही कोपरापाशी घट्ट धरली होती. बोट पुढे गेले. वार बरोबर आहे का हे त्याने मोजले नाही. पण जागा कोरी असती तर ते बोट तिथेच थांबले असते.

त्याने शिक्का मारला आणि पोच दिली. तीच पोच दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या दिवशी, मुलीने कॉलेजात जमा केली. जागा राहिली.

सोमवारी दुपारी परतताना शहाद्याला उतरून सकाळचे राहिलेले पैसे चुकते केले: प्रतिज्ञापत्र दुसऱ्यांदा टाईप करण्याचे टायपिस्टला ऐंशी रुपये, आणि झेरॉक्सवाल्या बाईला सहा उघड्या प्रतींचे बारा.